कांशाची खरूज

दरवर्षी नवरात्र संपलं की मंडळातल्या चार-पाच घरांतून मला फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो. "अहो काका, देवांवर हिरवं आलंय, कशानं घासू?" मी पेशाने धातुशास्त्राचा माणूस. निवृत्त झाल्यापासून इथल्या गावातल्या एका लहानशा संग्रहालयात आठवड्यातून दोन दिवस जुन्या वस्तूंची देखभाल करायला जातो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. मी फोनवर आधी एवढंच सांगतो की घासायला घेण्यापूर्वी ते हिरवं नखानं जरा टोकरून बघा, आणि मग मला सांगा.

कारण सगळं हिरवं सारखं नसतं. रोजच्या समईवर, निरांजनावर, पंचामृताच्या वाटीवर जे हिरवट, मेणचट थर धरतं ते बहुतेक वेळा तेला-तुपातल्या आम्लाचं आणि तांब्याचं मिळून झालेलं असतं. नखाला चिकटतं, ओढलं तर पसरतं, गरम साबणाच्या पाण्याने निघून जातं. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसत, ते कळकेल म्हणून. कल्हई लावायची ती याच कारणासाठी. हा तांब्याचा जुना, ओळखीचा स्वभाव आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजी करायची ती दुसऱ्या हिरव्याची. ते फिकट पोपटी असतं, पिठासारखं भुसभुशीत असतं, एखाद्या खड्ड्यातून वर आल्यासारखं ठिपक्याठिपक्यांनी दिसतं, आणि पुसून टाकलं तर काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा येतं. त्याला संग्रहालयांच्या भाषेत ब्राँझचा रोग म्हणतात. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आपलं कासं. पण हा रोग पितळेला आणि निव्वळ तांब्यालाही होतो.

'रोग' हा शब्द उगीच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्रहालयांच्या लक्षात आलं की उत्खननात सापडलेल्या, कपाटात वर्षानुवर्षं शांत बसलेल्या काही वस्तूंवर एकाएकी हिरवे फोड येतात आणि एकातून दुसरा असं करत वस्तूचा भुगा होतो. इटलीत याला 'रोन्या' म्हणत, म्हणजे चक्क खरूज. आणि खरूज म्हटली की ती लागण्याने पसरणार, हे ओघानंच आलं. १८९३ साली लुडविग माँड आणि कुबोनी या दोघांनी रोमच्या अकादमीपुढे निबंध मांडला, त्यात या खरजेमागे सूक्ष्म जीव असावेत असं सुचवलं होतं. हा माँड कोणी ऐरागैरा नव्हता, निकेल शुद्ध करण्याची जी पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते ती शोधणारा मोठा रसायनशास्त्रज्ञ होता. पण तो काळच जंतूंचा होता. पाश्चर आणि कॉख यांनी एकामागून एक जंतू पकडून दाखवले होते, तेव्हा कांशालाही जंतू असणार असं वाटलं तर नवल नाही.

खरं कारण त्याच दशकात पॅरिसच्या मार्सेलँ बर्तलो यांनी दाखवलं. दोषी होतं मीठ. वस्तू खाऱ्या मातीत किंवा समुद्राजवळ शेकडो वर्षं पुरलेली असली की मिठातलं क्लोरीन धातूपर्यंत पोचतं आणि तिथे तांब्याचं एक क्लोराइड तयार होतं. ते राखी रंगाचं, मेणासारखं असतं आणि वरच्या गंजाच्या थराखाली, धातूला अगदी बिलगून बसतं. कोरडं असेपर्यंत ते काही करत नाही. मात्र एकदा का त्याला दमट हवा मिळाली, की ओलावा आणि प्राणवायू घेऊन त्याची ती पोपटी भुकटी होते. भुकटीला जागा जास्त लागते, म्हणून वरचा थर फुटतो. आणि या उलाढालीत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड बनतं, आणि चक्र परत सुरू. म्हणजे सावकाराच्या कर्जासारखं झालं. तांब्यामागून तांबं व्याजात जातं आणि मुद्दल तसंच्या तसं राहतं. हवेतला ओलावा बंद केला तरच ही वसुली थांबते.

हे ज्ञान होतं, तरी संग्रहालयांनी ते मनावर घेतलं त्याला एक महायुद्ध कारणीभूत ठरलं. पहिल्या महायुद्धात लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले व्हायला लागले तेव्हा, १९१८ साली, ब्रिटिश म्युझियमने आपल्या बऱ्याच मौल्यवान वस्तू हलवल्या. काही वेल्समध्ये आबेरिस्टविथला गेल्या. बाकीच्यांसाठी म्युझियमपासून जवळच, होबर्नच्या बाजूला जमिनीखाली एक आयती जागा होती. टपालखात्याने पत्रं वाहून नेण्यासाठी एक छोटी भुयारी रेल्वे खणून ठेवली होती, पण युद्धामुळे ती सुरू झाली नव्हती. (ती पुढे १९२७ साली सुरू झाली. आज तिच्या एका भागातून पर्यटकांना फिरवतात. लंडनला मुलांना घेऊन जाल तेव्हा जरूर बसा.) बाँबपासून सुरक्षित अशा त्या बोगद्यात पेट्या रचल्या गेल्या. बाँबपासून त्या वाचल्याही. पण १९१९ साली पेट्या परत आणून उघडल्या तेव्हा लोखंडावर गंज चढलेला होता, कांशावर हिरवे ठिपके उठले होते आणि काही दगडी व मातीच्या वस्तूंवर क्षार फुलून आले होते.

मला या प्रसंगातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. या वस्तू म्युझियमच्या दालनांत बरीच वर्षं बऱ्यापैकी स्वस्थ होत्या. त्यांच्या पोटातलं मीठ तेव्हाही होतं. बदलली ती फक्त हवा. दमट बोगद्यातल्या थोड्या मुक्कामाने जे जागं झालं ते आधीच्या कोरड्या वर्षांत झोपलेलं होतं. एवढा मोठा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं असतं तर कोणी परवानगी दिली नसती.

म्युझियमने मग अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला पाचारण केलं आणि १९२० पासून तिथे प्रयोगशाळा सुरू झाली, ती सुद्धा आधी फक्त तीन वर्षांच्या बोलीवर. १९२४ मध्ये हॅरल्ड प्लेंडरलीथ हा तरुण तिथे रुजू झाला. त्याने पुढे या विषयावरचं जे पुस्तक लिहिलं ते संग्रहालयांतल्या दोन पिढ्यांनी वापरलं. तीन वर्षांची ती प्रयोगशाळा आज शंभरी ओलांडून गेली आहे. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली अशीच प्रयोगशाळा निघाली. तिचे पहिले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन. तमिळ प्रदेशात जमिनीत पुरलेल्या कांस्यमूर्ती शेतात, देवळाच्या आवारात सापडत आणि त्या संग्रहालयात येत. त्यांच्यावरच्या या रोगाचा इलाज हेच त्या प्रयोगशाळेचं पहिलं काम होतं.

आता आपल्या घरांकडे येऊ. हा रोग आपल्या घरात येतो कुठून? देव्हाऱ्यातले देव कधी पुरलेले नसतात, त्यामुळे त्यांना तो क्वचितच होतो. पण नाणी, विहिरीत किंवा शेतात सापडलेली भांडी, समुद्रकाठच्या गावची जुनी घंटा, यांच्या पोटात मीठ असू शकतं.

आमच्या मंडळातल्या एका आजींकडे पाच शिवराया आहेत. शिवराई म्हणजे शिवछत्रपतींनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. नंतरही ती इतकी वर्षं पाडली आणि चालवली गेली की अव्वल इंग्रजीतही बाजारात होती. आजींचे सासरे १९३० च्या दशकात रत्नागिरीकडून नैरोबीला गेले तेव्हा गावच्या विहिरीचा गाळ काढताना सापडलेली ही नाणी चामड्याच्या कशात घालून घेऊन गेले. पुढे कुटुंब इंग्लंडला आलं. इथे ती नाणी पुष्कळ वर्षं दिवाणखान्यात, रेडिएटरच्या वरच्या फळीवर एका काचेच्या वाटीत होती. मग घर बदललं, आणि खोकं गॅरेजमध्ये गेलं. दोन हिवाळ्यांनी उघडलं तर वाटीत पोपटी भुकटी. बोगद्याचीच गोष्ट, लहान आकारात. मी त्या गॅरेजमध्ये आर्द्रतामापक ठेवून पाहिला, आकडा ७८ टक्के होता.

आजींना ती नातवाच्या मुंजीआधी चकचकीत करून हवी होती. मी म्हटलं, आधी पंधरा दिवस माझ्याकडे द्या.

पहिल्या दिवशी मी पाचही नाण्यांचे दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात फोटो काढले. फोटोशिवाय नंतर काहीच सांगता येत नाही, कारण 'हा ठिपका आधी होता का' हाच तर सगळा प्रश्न असतो. मग प्रत्येक नाणं हलक्या ब्रशने झाडून पांढऱ्या कागदावर, खोलीतल्या हवेत ठेवलं आणि रोज कागद पाहिला. दोन नाणी गडद तपकिरी, गुळगुळीत. कागद स्वच्छ. तिसऱ्यावर गडद हिरवा थर होता, पण तो घट्ट, टणक आणि काचेसारखा नितळ. तोही झडला नाही. हे हिरवं म्हणजे नाण्याची कातडी. ते शांत असतं आणि धातूचं रक्षणच करतं. चौथ्याच्या कडेला हिरवं होतं ते बांबूच्या काडीने ओढल्यावर लोण्यासारखं पसरलं. तो चामड्याच्या कशातल्या चरबीचा प्रताप. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते निघालं.

पाचव्या नाण्याखाली मात्र चौथ्या दिवशी पोपटी कण पडलेले दिसले, सातव्या दिवशी आणखी. भिंगाखाली 'छत्र'च्या वर टाचणीच्या डोक्याएवढे तीन खड्डे दिसले. त्यातली भुकटी काडीने उकरली तर तळाशी फिकट राखी, मेणासारखं काहीतरी. हेच ते मुद्दल. प्रयोगशाळेत याची खात्री करायला थोडी भुकटी पातळ नायट्रिक आम्लात विरघळवून वर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात, पांढरट दुधाळ झालं की क्लोराइड आहे. घरी हे करायची गरज नाही. झडतं, परत येतं आणि फिकट आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पुरे.

मी पाचव्या नाण्यातली सुटी भुकटी काढली आणि तिथेच थांबलो. पुढे जे केलं ते नाण्याला न करता त्याच्या हवेला केलं. दोन लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी जाळीच्या पिशवीत दीडशे ग्रॅम कोरडी सिलिका जेल, वर कागदावर नाणं, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं कार्ड. आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली राहिली की तांब्याचं हे चक्र थांबतं. चाळिशी ओलांडली की धोका वाढत जातो. जेलचा रंग बदलला की ती पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये वाळवायची आणि परत ठेवायची. (जुनी निळी जेल कोणाकडे असेल तर तिच्यात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. हल्लीची नारिंगी घ्या.) वर्षभरानंतर त्या डब्यातला कागद पांढराच होता. मीठ आत आहेच. ते गेलेलं नाही. पण त्याला पाणी मिळत नाही.

आजींचा पुढचा प्रश्न रास्त होता. मीठ काढूनच का टाकत नाही? स्कॉट आणि त्यांच्या समकालीनांनी तेच करून पाहिलं. सोड्याच्या एका सौम्य द्रावणात वस्तू महिनोन्महिने बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं. क्लोराइड निघायचं, पण बऱ्याचदा जुन्या थराचा रंग बदलायचा, आणि नवेच निळसर क्षार तयार व्हायचे. दुसरा मार्ग विजेचा. वस्तू कॉस्टिक सोड्यात बुडवून विजेने सगळा गंज उतरवायचा. मद्रासलाही ही पद्धत वापरली गेली. रोगाने पोखरलेल्या मूर्ती त्याने वाचल्या, पण थरासकट. खाली उरलेला धातू भरपूर असेल तर ठीक, नाहीतर हाती येते ती खड्ड्याखड्ड्यांची उघडी वस्तू. १९६० नंतर बेन्झोट्रायझोल नावाचं रसायन आलं. ते तांब्यावर पातळ पडदा धरतं आणि संग्रहालयांत अजून वापरात आहे. मात्र ते आरोग्याला बरं नाही, हवा खेचणाऱ्या कपाटात हातमोजे घालून करायचं काम आहे, आणि खोल खड्ड्यांत ते दर वेळी पुरतंच असंही नाही. घरच्या टेबलावर ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि थांबायचं का, याचं खरं कारण अक्षरांत आहे. आपल्याला वाटतं वर गंज आणि खाली मूळ नाणं. पण पुरलेल्या नाण्यात तांबं बाहेर येऊन थर बनवतं आणि आत तितकी पोकळी होते. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे टाकसाळीत ठसा उमटला ती पातळी, आता धातूवर नसते. ती थराच्या मधोमध, लालसर-तपकिरी भागात कुठेतरी असते. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर चित्र काढलंय आणि आतलं कूड वाळवीने खाल्लंय अशी कल्पना करा. चित्र सारवणावर आहे. सारवण खरवडून 'खरी भिंत' शोधायला गेलात तर काड्या मिळतील.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपली शिवराई रात्रभर लिंबू-मिठात ठेवली होती. सकाळी गुलाबी, लखलखीत चकती मिळाली. 'श्री'चा वरचा अर्धा भाग तेवढा वाचता येत होता. शिवाय लिंबाच्या आम्लाने उघड्या केलेल्या खड्ड्यांत मीठ त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं. चिंच-मीठ रोजच्या तांब्या-ताम्हनाला चालतं, कारण ती गुळगुळीत असतात, लगेच धुऊन पुसून कोरडी होतात. जुन्या, खड्डे पडलेल्या वस्तूवर तेच चिंच-मीठ म्हणजे रोगाचं बी पेरणं आहे. राखेने आणि रांगोळीने घासण्याचं नुकसान वेगळं, ते हळूहळू होतं. पणजीपासून चालत आलेल्या अन्नपूर्णेचं नाक-डोळे कुठे गेले, ते आपल्या घरातल्या प्रत्येक दिवाळीला थोडं थोडं विचारता येईल.

तेव्हा तांब्या-कांशाच्या जुन्या वस्तूवर काम करताना मी काडीच्या टोकाला काय लागतंय ते पाहतो. माती आणि भुकटी सहज सुटते, तिला काढतो. काडी घसरायला लागली, खाली नितळ तपकिरी किंवा गडद हिरवं दिसायला लागलं, की हात आवरतो. गुलाबी धातू दिसला तर आधीच फार उशीर झालेला असतो.

लोखंडाचं गणित थोडं वेगळं. तिथे शांत गंज काळपट, दाट आणि घट्ट असतो. जागा असलेला गंज भगवा, पापुद्र्यांचा, बोटाला लागणारा. आणि पुरलेलं, मीठ प्यायलेलं लोखंड असेल तर ते दमट हवेत अक्षरशः घामेजतं. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी थेंब येतात, ते वाळले की पोकळ, ठिसूळ फोड राहतात. असा घाम दिसला की पस्तीस टक्क्यांनी भागत नाही, हवा २० टक्क्यांच्याही खाली आणावी लागते. याचं सर्वांत मोठं उदाहरण ब्रिस्टलला आहे. ब्रुनेलचं 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज. १८५७ च्या उठावाच्या वेळी याच जहाजातून गोरे सैनिक मुंबईला उतरले होते. समुद्राने इतकं मीठ पाजलेला त्याचा सांगाडा २००५ पासून काचेच्या छताखाली, सुमारे २० टक्के आर्द्रतेच्या हवेत उभा आहे. ती हवा कोरडी ठेवणारी यंत्रं सतत चालू असतात.

आपल्या घरातल्या कट्यारी आणि तलवारी सहसा पुरलेल्या नसतात, त्यामुळे सुटा भगवा गंज कडक ब्रशने, थोडं पातळ तेल लावून काढता येतो. काळा थर लागला की थांबायचं. मुठीवर तर त्याआधीच थांबायचं, कारण जुन्या मुठींवर पुष्कळदा कोफ्तगिरीचं, सोन्या-चांदीच्या तारेचं काम असतं. ती तार लोखंडात फक्त ठोकून बसवलेली असते, आणि खालचं लोखंड गंजून फुगलं की ती गंजावरच तरंगत असते. लोखंडी घासणी एकदा फिरवली की सोनं गंजाबरोबर कचऱ्यात जातं. पात्यावर पाण्यासारखी नक्षी दिसत असेल तर ते जौहर असलेलं पोलाद. त्याला आम्ल, व्हिनेगर, गंज काढायचं बाजारी द्रावण, काहीही लावू नका.

खंडेनवमीला या शस्त्रांवर ओलं कुंकू आणि झेंडूची फुलं ठेवतो, आणि पूजा रात्रभर तशीच राहते. इथल्या थंडीत ते वाळत नाही. गेल्या वर्षी मी ज्या तीन तलवारी पाहिल्या त्या तिन्हींवर पात्याच्या मध्यावर बोटाच्या पेराएवढा गंजाचा गोल होता, बरोबर कुंकवाच्या जागी. पात्यावर आधी मेणाचा पातळ हात फिरवून ठेवा, कुंकू कोरडं लावा, आणि आरती झाली की फुलं उचलून पातं मऊ सुती फडक्याने पुसून घ्या.